साताऱ्यातलं घरचं ऑफिस: खर्चाचा हिशोब मी कसा मांडला

पुण्यातल्या कंपनीत मी पुरवठादारांची बिलं आणि पेमेंट बघते. 2024 च्या मार्चमध्ये कंपनीने आमच्या विभागाचं घरून काम कायमचं केलं आणि सोबत एक फॉर्म पाठवला. एकदाच होणारा खर्च वेगळा, दर महिन्याचा वेगळा. एकरकमी 12,000 रुपयांपर्यंत मिळणार, तेही जीएसटी बिलावर, आणि महिन्याच्या खर्चाबद्दल "तपशील द्या, मग बघू" असं उत्तर. फॉर्ममध्ये अंदाजाने आकडे टाकणं मला पटत नव्हतं. रोज दुसऱ्यांच्या बिलातला प्रत्येक रुपया तपासायचा आणि स्वतःच्या वेळी मोघम लिहायचं, हे जमण्यासारखं नव्हतं.

आमचं घर शाहूपुरीत. खाली सासूबाई आणि आम्ही, वर एक खोली रिकामी. तीच ऑफिससाठी ठरली. मॉनिटर कंपनीने दिला, लॅपटॉप होताच, फायबरचं नेटही घरी आधीपासून होतं. म्हणजे हिशोब करायचा होता टेबल, खुर्ची, वीज गेल्यावरची सोय आणि वाढणाऱ्या विजेचा.

खुर्ची आधी घेतली, टेबल नंतर. टेबलाची उंची ही खुर्चीत बसल्यावर ठरते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. नवीन चांगली खुर्ची माझ्या हाताबाहेर होती आणि चार-पाच हजारांत मिळणाऱ्या नवीन खुर्च्यांचा फोम वर्षभरात बसतो, हे ऑफिसमध्ये पाहिलेलं होतं. पुण्यात बंद झालेल्या ऑफिसांमधल्या खुर्च्या विकणारी दुकानं आहेत. तिथे मी वेळ घेऊन बसून पाहिलं. सीट पूर्ण वर घेऊन पाच-दहा मिनिटं बसायचं. खुर्ची हळूहळू खाली येत असेल तर गॅस लिफ्ट गेलेली आहे. ती बदलता येते, पण मग किंमत तेवढी कमी करून मागायची. दुसरी गोष्ट सीटच्या खोलीची. पाठ मागे टेकवल्यावर गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. माझी उंची पाच फूट दोन इंच, त्यामुळे बऱ्याचशा खुर्च्या तिथेच बाद झाल्या. सीट पुढे-मागे सरकणारी एक मिळाली, हातांची उंचीही बदलणारी, 6,800 रुपयांना, साताऱ्यापर्यंत पोचवून. दुकानदार पक्कं बिल देणारा होता, ते मी किमतीच्या आधी विचारलं होतं.

आता टेबल. दुकानात मिळणारी बहुतेक टेबलं 75 सेंटिमीटर उंच असतात. मी खुर्चीत पाय जमिनीला पूर्ण टेकवून बसले, कोपर काटकोनात ठेवलं आणि यजमानांनी जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. 66 सेंटिमीटर भरलं. तयार टेबलापेक्षा 9 सेंटिमीटर कमी. एवढ्या फरकावर दिवसभर टाईप केलं तर खांदे वर उचललेले राहतात, किंवा खुर्ची उंच करून पाय लोंबकळतात. मग टेबल करूनच घ्यायचं ठरवलं.

लोखंडी सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याकडून आणि वरची फळी सुताराकडून. फॅब्रिकेशनवाले किलोवर दर सांगतात, त्यात पाईप, वेल्डिंग आणि रंग धरलेला असतो. मला 140 रुपये किलो सांगितला. सव्वा इंची चौकोनी पाईप घेतली तर चार फूट बाय दोन फुटांच्या टेबलाला साधारण 11 किलो लोखंड लागतं, म्हणजे 1,540 रुपये. फळी 19 मिलिमीटर प्लायची. अख्खी आठ बाय चारची शीट घ्यायची गरज नव्हती. सुताराकडे एका किचनच्या कामातला तुकडा उरला होता, तो त्याने 800 ला दिला. सनमायका मात्र अख्खाच घ्यावा लागला, 1,000 रुपये. कडेची पट्टी आणि फेविकॉल 250, सुताराची मजुरी 500, पायांना रबरी बूट आणि स्क्रू 60. सगळं मिळून 4,150.

एक बारकावा इथे सांगायलाच हवा. सांगाड्याची पुढची आडवी पाईप बरोबर मांडीच्या वर येते. टेबल कमी उंचीचं असलं की ती सव्वा इंची पाईप मांडीला लागते आणि खुर्ची आत सरकत नाही. मी फॅब्रिकेशनवाल्याला ती पाईप वीतभर मागे घ्यायला सांगितली. तो म्हणाला, "ताई, पुढं फळी वाकंल." चार फुटांच्या लांबीला आणि 19 मिलिमीटर प्लायला एवढ्या मागे घेतल्याने काही होत नाही असं सुताराने सांगितलं, मग तो तयार झाला. फळी आणि सनमायका मिळून दोन सेंटिमीटर धरले आणि सांगाडा 64 चा केला. बिल दोघांचंही साधं निघालं, जीएसटी नंबर नाही. फॅब्रिकेशनवाला ज्या दुकानातून पाईप घेतो तिथलं आणि सनमायकाचं पक्कं बिल मी वेगळं मागून घेतलं. बाकीची रक्कम फॉर्ममध्ये "पावतीसह, जीएसटी लागू नाही" अशी लिहिली आणि ती मान्य झाली.

इथपर्यंतचा हिशोब सोपा होता, कारण पैसे एकदाच जाणार होते. खरा प्रश्न वीज आणि नेटचा. सगळे एकच सांगत होते, इन्व्हर्टर घ्या. दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि साइन वेव्ह इन्व्हर्टर मिळून मला 21,000 सांगितले होते. कशासाठी ते कळल्याशिवाय एवढे पैसे घालायचे नाहीत म्हणून मी एक वही केली. एप्रिलपासून जुलैपर्यंत वीज गेली की वेळ लिहायची, आली की लिहायची, आणि तिसऱ्या रकान्यात फायबरच्या डब्यावरचे दिवे.

ते दिवे वाचता येणं फार उपयोगाचं आहे. केबलवाला भिंतीवर जो पांढरा डबा बसवतो त्यावर PON आणि LOS असे दोन दिवे असतात. PON हिरवा स्थिर असेल आणि LOS विझलेला असेल तर तुमच्या घरापर्यंतची तार ठीक आहे. तरी नेट नसेल तर बिघाड पुढे कुठेतरी आहे. LOS लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही. याचे अर्थ दोन: एकतर तार तुटली, किंवा पलीकडच्या टोकाचं यंत्र बंद पडलं. ते यंत्रही विजेवरच चालतं.

माझ्या डब्याचा अडॅप्टर 12 व्होल्ट 1.5 अँपिअरचा होता. त्यासाठी मी छोटा डीसी युपीएस घेतला, ज्याला दुकानात मिनी युपीएस म्हणतात. 1,550 रुपये. अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा बघूनच तो घ्यायचा, काही राउटर 9 व्होल्टचे असतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात 10,400 mAh लिहिलं होतं. हा आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो, 12 व्होल्टचा नाही. म्हणून 10.4 गुणिले 3.7, म्हणजे साडेअडतीस वॅट-तास. माझा डबा मीटरवर 9 वॅट खातो. व्होल्ट वाढवताना पाचवा हिस्सा जातो असं धरलं तर साडेतीन तासांच्या थोडं आत. घड्याळ लावून पाहिलं, तीन तासांच्या वर चालला. लॅपटॉपची बॅटरी माझ्या कामाला तेवढीच पुरते. म्हणजे कागदावर तीन तासांची सोय दीड हजारात झाली होती.

पण वहीतला तिसरा रकाना वेगळंच सांगत होता. वीज गेल्यावर डबा मिनी युपीएसवर चालू राहायचा, नेटही चालायचं, आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी LOS लाल व्हायचा. प्रत्येक वेळी तेवढ्याच सुमाराला. वीज आली की थोड्या वेळात पुन्हा हिरवा. तार तुटली असती तर वीज आल्यावर आपोआप जुळली नसती. म्हणजे पलीकडच्या यंत्राची बॅटरी चाळीस मिनिटांत संपत होती. केबलच्या मुलाला वही दाखवली तर त्याने लगेच कबूल केलं. "कोपऱ्यावरच्या पेटीतली बॅटरी कमजोर झालीय ताई. मी सांगितलंय, पण बदलत नाहीत."

यातून दोन गोष्टी ठरल्या. पहिली, घरात कितीही मोठा इन्व्हर्टर बसवला तरी या फायबरचं नेट चाळीस मिनिटांपुढे मिळणार नव्हतं. दुसरी, त्याच खांबावरून येणारं दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं तर ते वेगळं धरता येणार नाही, फांदी पडली की दोन्ही तारा सोबत तुटतात. आमच्या गल्लीत दोन्ही एकाच खांबावर होत्या. म्हणून पर्याय मोबाईलच्या नेटचाच.

तिथेही कंपनी नावावरून निवडली नाही. घरातला प्रत्येक फोन वरच्या खोलीत आणून Settings > About phone > SIM status मध्ये Signal strength बघितला. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. एका कंपनीचा टेबलाजवळ -114 dBm आला, म्हणजे बोलणंही तुटणार. दुसऱ्या कंपनीचा खिडकीत -97 dBm. मग वीज गेलेली असतानाच वेग मोजला. अशा वेळी सगळी गल्ली मोबाईलवर येते आणि टॉवरवर भार पडतो, त्यामुळे एरवी मोजलेला वेग खरा धरता येत नाही. डाउनलोड 6 आणि अपलोड 2 एमबीपीएस मिळालं. माझं काम व्हीपीएनवरून पोर्टल उघडण्याचं, अधूनमधून व्हिडिओ मीटिंग. एवढ्यात ते होतं. मीटिंगला तासाला साधारण एक जीबी जातं, कॅमेरा बंद ठेवला की बरंच कमी. जुना फोन होता, तोच हॉटस्पॉट म्हणून खिडकीत कायमचा ठेवला.

सिमचा रिचार्ज तीनशेच्या आसपास. फॉर्ममध्ये लिहिताना महिन्याला तीनशे असं लिहायचं नाही, कारण पॅक 28 दिवसांचा असतो. वर्षाला तेरा रिचार्ज होतात, 3,900 रुपये, म्हणजे महिन्याला 325. फायबर घरी आधीपासून होतं म्हणून त्याचा एक रुपयाही मी ऑफिसच्या खर्चात धरला नाही.

आता वीज. इथे बहुतेक लोक बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करतात आणि त्या सरासरीने वाढीव युनिटांचा खर्च काढतात. तो कमी निघतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. 2024-25 च्या दराने वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटांना 5.88, 101 ते 300 ला 11.46 आणि 301 ते 500 ला 15.72 रुपये पडत होते. त्यावर 16 टक्के वीज शुल्क, शिवाय महिन्यानुसार कमी-जास्त होणारा इंधन समायोजन आकार, तो मी बाजूला ठेवला. स्वस्तातले पहिले 100 युनिट घरच्या फ्रीज, मिक्सर, दिव्यांनी आधीच संपवलेले असतात. ऑफिसचं प्रत्येक युनिट त्याच्या वरच्या टप्प्यात पडतं, म्हणून त्याच टप्प्याचा दर लावायला हवा.

आमचं पावसाळ्यातलं बिल 180 युनिटांच्या आसपास असतं, मागच्या बारा महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो. त्या बिलाची सरासरी साडेदहा रुपये युनिट येते. पण माझ्या कामाच्या युनिटाचा खरा दर 11.46 अधिक 16 टक्के, म्हणजे 13.30.

युनिट किती ते प्लगमध्ये लावायच्या वॅट मीटरने मोजलं, तो शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून काही दिवस मागून आणला होता. लॅपटॉप सरासरी 35 वॅट, मॉनिटर 22. वरच्या खोलीतल्या दिव्याचे 20 आणि जुन्या पंख्याचे 75 वॅट त्यांच्यावरच छापलेले होते. एकूण 152. आश्चर्य वाटेल, पण अर्धी वीज पंखाच खात होता. रोजचे नऊ तास, महिन्याला 24 दिवस धरले तर सुमारे 33 युनिट, आणि 13.30 च्या दराने 439 रुपये. सरासरीने काढलं असतं तर 347 आले असते.

एप्रिल-मेचा हिशोब वेगळा. तेव्हा घरचाच वापर 280 पर्यंत जातो, म्हणजे 300 चा उंबरठा फक्त 20 युनिट लांब. दुपारी वरची खोली तापते. एक टनाचा इन्व्हर्टर एसी ताशी पाऊण ते एक युनिट घेतो. रोज पाच तास लावला तर महिन्याला शंभरेक युनिट, तेही सगळे 15.72 च्या टप्प्यात. शुल्क धरून अठराशे रुपयांच्या वर, फक्त एसीचे. साताऱ्याचा उन्हाळा कोरडा असतो, त्यामुळे कुलर चांगला चालतो. घरातला कुलर वर नेला. दीडशे वॅट, रोज सहा तास, म्हणजे महिन्याला 22 युनिट. जुना पंखा, लॅपटॉप, मॉनिटर, दिवा आणि कुलर मिळून 55 युनिट, त्यातले 20 मधल्या टप्प्यात आणि 35 वरच्या टप्प्यात, शुल्कासह 904 रुपये.

हे आकडे बघून पंखा बदलायचं ठरवलं. बीएलडीसी पंखा 30 वॅटचा, 2,900 रुपयांना. एरवीच्या महिन्यात 33 चे 23 युनिट झाले आणि खर्च 439 वरून 307 वर आला. उन्हाळ्यात 904 चे 722. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात पंखा लागतच नाही, त्यामुळे ती बचत दहा महिन्यांचीच धरायची. एका वर्षात चौदाशेच्या आसपास वाचतात, म्हणजे दोन वर्षांत पंखा फिटतो. हा पंखा मी कंपनीकडे मागितला नाही, तो घरचाच राहणार आहे.

वर्षाचं गणित मांडलं. पंखा नसलेले दोन महिने प्रत्येकी सुमारे 221, उन्हाळ्याचे दोन महिने 722, बाकीचे आठ 307. बेरीज 4,340 च्या आसपास, महिन्याला 362. त्यात नेटचे 325. फॉर्मवर मी दरमहा 687 लिहिले, सोबत बिलाची प्रत आणि वॅटचा तक्ता जोडला. एकरकमी खर्च खुर्ची, टेबल आणि मिनी युपीएस मिळून 12,500, त्यातले 12,000 मिळाले. मासिक खर्चासाठी कंपनीने सरसकट पाचशे मंजूर केले. आमच्या विभागात ज्यांनी नुसती "वीज आणि इंटरनेट" अशी नोंद केली त्यांना अजून काही मिळालेलं नाही.

राहिला इन्व्हर्टर. वहीतले बहुतेक खंड अर्ध्या-पाऊण तासाचे, काही दोन तासांचे. तीन तासांच्या वर गेलेले दोन प्रकारचे होते. एक वळवाच्या वादळात, यवतेश्वरच्या बाजूने वारा सुटला की झाडं तारांवर येतात तेव्हाचे. दुसरे देखभालीसाठी महावितरण वीज बंद ठेवतं तेव्हाचे, आणि त्यांचा मेसेज बिलाला जोडलेल्या मोबाईल नंबरवर आधी येतो. मेसेज आला की मी लॅपटॉप घेऊन गोडोलीला मावशीकडे जाते. तिचा फीडर वेगळा आहे, त्यामुळे आमच्याकडची वीज जाते तेव्हा तिच्याकडे सहसा असते. "जेवायलाच ये," एवढीच तिची अट.

21,000 रुपये पाच वर्षांवर पसरले, तेवढीच बॅटरी टिकते असं धरून, तर महिन्याला 350 होतात. इन्व्हर्टर नुसता चार्जिंगवर असतानाही वीज घेतो. दिवसाला 0.4 युनिट धरलं तरी महिन्याला 12 युनिट, 160 रुपये. बॅटरीचं पाणी वेगळं. म्हणजे महिन्याला पाचशेच्या वर, आणि तोही माझ्या कामापुरता वर्षातून मोजक्याच दुपारी उपयोगी पडणार. सासूबाईंना रात्री पंखा हवा म्हणून घ्यायचा असेल तर तो घरचा निर्णय, त्याचा खर्च ऑफिसच्या वहीत येणार नाही.

वही अजून चालू आहे. मेसेज न येता जाणारी आणि तीन तासांच्या वर राहणारी वीज महिन्यातून दोनपेक्षा जास्त वेळा जायला लागली, तर इन्व्हर्टरचा आकडा पुन्हा मांडायचा असं ठरवलं आहे. तेव्हा त्याची लाईन फक्त वरच्या खोलीपुरती वेगळी ओढून घेईन. लॅपटॉप, मॉनिटर, दिवा, नवा पंखा आणि फायबरचा डबा मिळून सव्वाशे वॅटच्या आत बसतात, आणि तेवढ्यावर दीडशे एएचची नवी बॅटरी पूर्ण कामाचा दिवस काढते. कोपऱ्यावरच्या पेटीतली बॅटरी त्याच्या आत बदलली, तर फायबरही सोबत चालेल. केबलच्या मुलाला दर महिन्याला पैसे देताना मी ते विचारते.